मोरपीस कुणी खाल्लं?

या अंकासाठी संपादकांनी ‘घरातले सोबती’ हा विषय सुचवला, त्याच आठवड्यात दापोलीजवळच्या गावातून आत्याचे चार फोटो मोबाइलवर आले. पाऊस ओसरला की नवरात्राच्या आधी ती आजोबांचं सागवानी कपाट उघडते, पुस्तकं बाहेर काढते, ओटीवर चटईवर मांडते. खालच्या दोन कप्प्यांत घड्या घातलेल्या शाली, पैठणी आणि पूजेची रेशमी सोवळी असतात, वरच्या तीन कप्प्यांत पुस्तकं. यंदा तिला तिथे चार वेगवेगळे जीव दिसले. फोटोंखाली तिने एवढंच लिहिलं होतं : “ह्यातलं पुस्तकं खाणारं कोण, ते विचारून सांग.”

पहिल्या फोटोत चकाकणारं, निमुळतं काहीतरी होतं. दुसऱ्यात तसंच निमुळतं, पण सोनेरी तपकिरी. तिसऱ्यात पिवळ्या पडलेल्या पानावर फिकट ठिपके. चौथ्यात काळसर लांबट किडा आणि त्याच्या मागच्या टोकाला चिमटा. घरात निकाल आधीच लागलेला होता. पहिले दोन म्हणजे कसर, तिसरी वाळवीची पिल्लं आणि चौथं विंचवाचं पिल्लू. यातला एकच निकाल बरोबर निघाला.

मी ते फोटो घेऊन पुण्यात एका निवृत्त प्राध्यापकांकडे गेले. त्यांनी आयुष्यभर कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्र शिकवलं. सरांनी चारही फोटो मोठे करून पाहिले आणि फोन परत दिला. “यावरून मला रंग कळतो. रंगावरून किडा ओळखायचा नसतो. याची लांबी किती आहे, ते सांगा.” ते मला सांगता आलं नाही. मग त्यांनी दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग आणि शाळेत वापरतात तो आलेखाचा कागद माझ्या हातात ठेवला आणि दापोलीला जायला सांगितलं.

आलेखाचा कागद आणि खिडकीचा उजेड

आलेखाच्या कागदावरचा लहान चौकोन एक मिलिमीटरचा असतो. किडा त्यावर ठेवून फोटो काढला की मोजपट्टी फोटोतच येते. ही साधी गोष्ट निम्मं काम करते. कपाटातले हे चार जीव एक मिलिमीटरपासून दीड सेंटिमीटरपर्यंतचे असतात, पण फोटो मोठा केला की पडद्यावर सगळे सारखेच दिसतात. आत्याच्या तिसऱ्या फोटोतले ठिपके वाळवीची पिल्लं वाटली ती याचमुळे.

दुसरी अडचण अंतराची. मोबाइलच्या नेहमीच्या कॅमेऱ्याला आठ-दहा सेंटिमीटरहून जवळचं स्पष्ट दिसत नाही. आपण फोन किड्यावर टेकवायला जातो आणि चित्र पुसट होतं. फोनमध्ये मॅक्रोची सोय असेल तर ती वापरावी. नसेल तर कॅमेऱ्यावर अडकवायची छोटी भिंगं मिळतात. सरांचं भिंग मी कॅमेऱ्यासमोर धरलं, तेही चाललं. पडद्यावर बोटं फाकवून चित्र मोठं केल्याने फक्त धूसरपणा मोठा होतो. इतक्या जवळून पाहताना स्पष्टतेचा पट्टा जेमतेम एखाद्या मिलिमीटरचा असतो. म्हणून फोन दोन्ही हातांनी धरून, केसाएवढा पुढे-मागे सरकवत, एकामागोमाग दहा-पंधरा फोटो काढायचे आणि त्यांतला एक ठेवायचा.

किडा उचलायला चित्रकलेचा मऊ ब्रश वापरायचा. चिकटपट्टीने उचलला तर कसरीचे खवले आणि अळीचे केस पट्टीलाच राहतात, आणि ओळख नेमकी त्यांच्यावरच असते. पळणाऱ्या किड्याला झाकणाच्या डबीत घालून पाच-दहा मिनिटं फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवलं की तो सुस्तावतो. उजेड खिडकीचा, एका बाजूने येणारा. चकाकी फार असेल तर मध्ये ट्रेसिंग पेपर धरायचा. एक फोटो वरून, एक बाजूने, एक डोक्याचा आणि एक शेपटाचा. आम्ही ओटीवर असे फोटो काढत दोन सकाळी घालवल्या.

तीन शेपट्या मोजा, मग मिशा शोधा

पहिला जीव खरंच कसर होता. आलेखाच्या कागदावर तिचं शरीर अकरा चौकोन भरलं. मागच्या टोकाला तीन लांब, सुट्या शेपट्या दिसल्या : दोन बाजूंना फाकलेल्या, एक मधोमध सरळ. पुढच्या टोकाला तितक्याच लांब दोन मिशा. अंगभर बारीक खवले. ते बोटाला लागले की चांदीच्या भुकटीसारखा डाग उमटतो. पंख नाहीत आणि कधी येतही नाहीत. कसरीचं पिल्लू मोठ्या कसरीसारखंच दिसतं. अळी, कोष असे टप्पे तिच्या आयुष्यात नसतात, आणि पूर्ण वाढ झाल्यावरही ती मरेपर्यंत कात टाकत राहते.

दुसरा जीव घरातल्यांना कसर वाटला, आणि पुसट फोटोवरून मलाही तसंच वाटलं होतं. तोही गाजरासारखा, पुढे जाड, मागे निमुळता. त्यालाही शेपूट असल्यासारखं दिसत होतं. स्पष्ट फोटोत मात्र ते शेपूट म्हणजे लांब सोनेरी केसांचा झुपका निघाला. कसरीच्या तीन शेपट्या मोजता येतात. झुपक्यातले केस मोजता येत नाहीत. मग पुढचं टोक पाहायचं. कसरीच्या मिशा लांब असतात, इथे मिशा दिसतच नव्हत्या. अंगावर खवले नव्हते, केस होते, आणि एकामागून एक कड्या घातल्यासारखे तपकिरी पट्टे होते.

ही कार्पेट बीटलची, म्हणजे गालिच्याच्या भुंगेऱ्याची अळी. तिचे दोन प्रकार घरात नेहमी भेटतात. एक ही लांबट, झुपकेदार शेपटाची, अॅटाजिनस नावाच्या वंशातली. दुसरी अँथ्रेनस वंशातली, चार-पाच मिलिमीटरची बुटकी, गुबगुबीत, फिकट-गडद पट्ट्यांची. तिच्या मागच्या बाजूला केसांचे गुच्छ असतात आणि तिला डिवचलं की ती ते पंख्यासारखे फुलवते. त्या गुच्छांतल्या केसांना टोकाशी भाल्यासारखा फाळ असतो. ते सहज तुटतात आणि काहींच्या कातडीला त्यांनी खाज सुटते, पुरळ येतं. मग ढेकूण चावले असं समजून गाद्या उन्हात टाकल्या जातात, आणि अळ्या शालीच्या घडीत तशाच राहतात.

आत्याच्या फोटोतली अळी हलत नव्हती. भिंगाखाली पाहिलं तर ती आतून पोकळ होती आणि पाठीवर उभी चीर गेलेली होती. म्हणजे ती अळी नव्हती, तिने टाकलेली कात होती. कपाटात जिवंत अळीपेक्षा अशा काती जास्त सापडतात. कातीचा फोटो अळी ओळखायला पूर्ण पुरतो, कारण केस आणि पट्टे तिच्यावर तसेच असतात. अळी आता तिथे आहे का, हे मात्र कात सांगत नाही.

मोरपिसाचं पुस्तक

फोन लावून मी सरांना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, “कात कुठल्या पुस्तकाजवळ मिळाली? त्या पुस्तकात कागदाखेरीज काय आहे?”

कार्पेट बीटलच्या अळीचं अन्न प्राण्यांपासून आलेलं असतं : लोकर, रेशीम, पिसं, केस, चामडं, मेलेले किडे. केस आणि पिसं ज्या केराटिनची बनलेली असतात ते पचवणारे जीव थोडे, त्यांत ही अळी आहे. नुसत्या कागदावर ती जगत नाही. त्यामुळे ती पुस्तकावर दिसली, तर तिचं जेवण जवळपास दुसरंच काहीतरी असतं. चामड्याची बांधणी असेल, किंवा फळीमागे साचलेली मेलेली झुरळं असतील. अळ्या अन्नापासून बऱ्याच लांब भटकतात, म्हणून त्या जिथे दिसल्या तिथेच शोध थांबवता येत नाही.

आत्याने जवळच्या मासिकांच्या बांधीव खंडांची पानं एकेक करून उलटली. तिसऱ्या खंडात मोरपीस होतं. माझ्या चुलत भावाने शाळेत असताना ठेवलेलं. आता त्याचा फक्त मधला दांडा उरला होता आणि डोळ्याच्या जागी निळ्या तंतूंचा नखाएवढा तुकडा. पानाच्या खोबणीत तपकिरी कणांची रांग होती, आणि तशाच आणखी तीन काती. पानांना काहीही झालेलं नव्हतं.

आत्या बराच वेळ तो दांडा हातात धरून बसली. मग उठून तिने खालचे कप्पे उघडले. पैठणी सुती कापडात गुंडाळलेली होती, ती सुखरूप होती. उघड्या ठेवलेल्या एका सोवळ्याला घडीच्या आतल्या बाजूने चार भोकं पडलेली होती आणि तिथे दोन जिवंत अळ्या होत्या. पुस्तकाजवळच्या फोटोने आम्हांला कापडाच्या कप्प्यात नेलं. कसर समजून आम्ही पुस्तकंच झटकत बसलो असतो, तर सोवळ्याची घडी पुढच्या वर्षीच उघडली असती.

अनुस्वाराएवढी ऊ

तिसऱ्या फोटोतले फिकट ठिपके आलेखाच्या कागदावर एकाच चौकोनात मावले. लांबी एक मिलिमीटर, म्हणजे मोठ्या ठशाच्या पुस्तकातल्या अनुस्वाराएवढी. वाळवीची कामकरी चार-पाच चौकोन घेते. वाळवीचा प्रश्न एवढ्यावरच मिटला. शिवाय वाळवी मातीच्या नळ्या बांधत येते. कपाटाच्या मागच्या फळीवर आणि भिंतीवर अशी एकही नळी नव्हती.

या इवल्या जिवांना इंग्रजीत बुकलाइस म्हणतात, पुस्तकातल्या उवा. डोक्यातल्या उवांशी त्यांचं नातं आहे, पण त्या रक्त पीत नाहीत, माणसाला चावत नाहीत. दहापट भिंगातून पाहिलं की त्यांचा चेहरा कळतो. शरीराच्या मानाने डोकं मोठं, त्याला पुढे फुगीर नाकाडासारखा भाग, आणि लांब, दोऱ्यासारख्या मिशा. मागच्या पायांच्या मांड्या रुंद आणि चपट्या. पान उलटलं की त्या थांबत-थांबत, झटक्या-झटक्याने धावतात.

चूक होण्याच्या दोन जागा सरांनी आधीच सांगून ठेवल्या होत्या. अंड्यातून नुकतं निघालेलं कसरीचं पिल्लूही पांढरट असतं आणि त्याला खवले नसतात. पण त्याच्या तीन शेपट्या तेव्हाही असतात, आणि बुकलाउसला शेपटी नसते. दुसरी चूक ढेकणाच्या पिल्लाची. ते दीड मिलिमीटरचं, चपटं आणि अंडाकृती असतं, डोकं लहान, मिशा आखूड. बाजूने काढलेल्या फोटोत बुकलाउसचं पोट उंच, मऊ दिसतं. ढेकणाचं पिल्लू बाजूने कागदासारखं पातळ दिसतं.

बुकलाउस खाते काय? कागदावर दमटपणामुळे येणारी बुरशी, खळीचे कण, धूळ. पुस्तकाचं त्यांनी केलेलं नुकसान शोधूनही सापडत नाही. त्या दिसल्या याचा अर्थ वेगळा असतो. या जिवाला पाणी प्यावं लागत नाही. तो हवेतली वाफ शोषून घेतो, आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या खाली गेली की ते त्याला जमेनासं होतं. मग तो सुकून मरतो. म्हणून बुकलाउस जिवंत दिसली की त्या कप्प्यातली हवा दमट आहे आणि डोळ्यांना न दिसणारी बुरशी पानांवर बसली आहे, असं समजायचं.

आम्ही आर्द्रता मोजायचा छोटा मापक दोन कप्प्यांत एकेक दिवस ठेवला. भिंतीला टेकलेल्या कोपऱ्यात ७८ टक्के, दाराजवळच्या फळीवर ६६. बुकलाइस कोपऱ्यातल्या पुस्तकांतच जास्त होत्या. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, पुस्तकं फळीच्या मागच्या कडेपासून चार बोटं पुढे घेतली आणि ऊन असेल तेव्हा दारं उघडी ठेवायचं ठरवलं. डांबराच्या गोळ्या आत्या दरवर्षी ठेवते, पण हवेतला दमटपणा त्यांनी कमी होत नाही.

चिमटा मागे असलेला पाहुणा

चौथ्या फोटोतल्या किड्याने घरातल्यांना सर्वांत जास्त घाबरवलं होतं. डिवचल्यावर तो शेपूट पाठीवर उचलत होता, म्हणून विंचवाचं पिल्लू. पण विंचवाचे चिमटे पुढे असतात आणि पाय आठ असतात. याचा चिमटा मागे होता आणि पाय सहा. शेपटाला नांगीही नव्हती. हा इअरविग. तो कानात शिरतो अशी जुनी समजूत त्याच्या इंग्रजी नावात उरली आहे. आपल्याकडे तीच भीती गोमेच्या वाट्याला आली आहे. कानात शिरणं ही त्याची सवय नाही.

आमच्या इअरविगला पंख नव्हते. काळसर अंग, तेरा मिलिमीटर लांबी, पिवळट पाय आणि त्यांवर गडद कडी. मिशांच्या टोकाकडचे दोन-तीन मणी पांढरे. चिमट्याची दोन्ही टोकं जवळजवळ सरळ होती, त्यामुळे ही मादी असावी. नराचा चिमटा जास्त वाकडा असतो. सरांनी फोटो पाहून सांगितलं की पायांवरची कडी आणि नसलेले पंख यांवरून ही जगभर पसरलेली युबोरेलिया अॅन्युलिपेस ही जात वाटते.

इथे एक सावधगिरी हवी. चिमटा नसलेला, पण असाच लांबट, आखूड पंखांचा, नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांचा किडा पावसाळ्यात दिव्याभोवती येतो. तो पिडेरस नावाचा भुंगेरा. तो अंगावर चिरडला की त्यातल्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात. म्हणून मागच्या टोकाला चिमटा आहे की नाही हे आधी फोटोत पाहायचं, आणि कुठलाच किडा बोटाने चिरडायचा नाही.

इअरविग पुस्तकं खात नाही. कुजका पाला, लहान किडे हे त्याचं खाणं. दिवसा त्याला अंधारी, ओलसर, अरुंद फट लागते. पुस्तकांच्या रांगेतली फट त्याला तशीच वाटते. आत्याच्या घरी कपाटामागे खिडकी आहे आणि खिडकीबाहेर कुंड्या. चौकटीखालच्या फटीतून बोट आत जात होतं. कुंड्या हलवल्या, तेव्हा खाली तसेच तीन इअरविग निघाले. सुताराने फट बुजवली आणि कुंड्या अंगणात गेल्या.

हूकचं चित्र आणि हूकची चूक

तरीही आत्याचा प्रश्न उरलाच होता : पुस्तकं खाणारं कोण? काही पुस्तकांच्या पुठ्ठ्यावरचा चकचकीत थर खरवडल्यासारखा गेला होता. पान उजेडासमोर धरलं की वेड्यावाकड्या जागी कागद पातळ झालेला दिसायचा. हे कसरीचं काम. ती वरून खरवडते, खळ आणि डिंक असलेल्या जागा आधी धरते. पण दोन पुस्तकांत वेगळंच होतं. बांधणीपासून सुरू होऊन पंचवीस-तीस पानांतून आरपार गेलेली गोल, स्वच्छ कडांची भोकं, आणि आत पिठासारखी भुकटी.

इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६६५ साली ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ छापला. सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या गोष्टींची मोठी, तपशीलवार चित्रं त्यात आहेत, आणि त्यांत कसरही आहे. खवले, मिशा, तीन शेपट्या सगळं हूकने नीट पाहिलं. पण पुस्तकांच्या पानांतून आणि पुठ्ठ्यांतून आरपार भोकं पाडण्याचा आळही त्याने तिच्यावरच ठेवला. चित्र अचूक होतं, आरोप चुकला. किडा कुठे दिसला यावरून त्याने काय केलं हे ठरवलं की असंच होतं. कसरीला बोगदा खणता येत नाही. गोल बोगदा भुंगेऱ्याची अळी आतून खणते. भारतातल्या ग्रंथालयांत गॅस्ट्रॅलस इंडिकस हा भुंगेरा यासाठी ओळखला जातो. सिगारेट बीटल आणि ड्रगस्टोअर बीटलही असंच करतात.

आत्याच्या चार फोटोंत यांपैकी कुणीच नव्हतं. अळी पानांच्या आत असते, म्हणून ती फोटोत येत नाही. भोकं जुनी आहेत की अळी अजून आत आहे, हे पाहायची रीत सरांनी सांगितली. दोन्ही पुस्तकं हलकेच ठोकून भुकटी झाडायची, काळ्या कागदावर उभी ठेवायची आणि पंधरा दिवसांनी कागद पाहायचा. जुनं भोक शांत राहतं. जिवंत अळी असेल तर नवी भुकटी पडते.

सोवळं आणि मासिकाचा तो खंड पॉलिथिनच्या जाड पिशव्यांत हवाबंद करून शेजाऱ्यांच्या डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवले. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद ठेवायची, नाहीतर गार कागदावर दव धरतं आणि पुन्हा बुरशी येते. मोरपिसाचा दांडा आत्याने टाकला नाही. फ्रीजरमधून काढून तो काचेच्या बंद बाटलीत ठेवला.

कोजागिरीनंतर तिचा नवा फोटो आला. काळ्या कागदावर एका पुस्तकाखाली काहीच नव्हतं. दुसऱ्याखाली मोहरीएवढी पिवळट रास होती. त्याखाली दुसरा फोटो, आलेखाच्या कागदावरचा. अडीच चौकोन लांबीचा, तपकिरी, लंबगोल भुंगेरा, खिडकीच्या उजेडात, डोकं खाली दुमडलेलं. वरून एक, बाजूने एक, डोक्याचा एक. सरांनी कुळ लगेच सांगितलं आणि नेमकी जात सूक्ष्मदर्शकाशिवाय सांगणार नाही म्हणाले. आत्याने तोवर ते पुस्तक पिशवीत घालून शेजारी नेऊन दिलं होतं.